पडद्याचे माप: फोटो कुठे पुरतो, कुठे नाही

ईलिंगमध्ये घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला पडद्यांचे कापड हवे असले, तर साउथॉलची बाजारपेठ त्याच बरोमध्ये आहे. अडचण मापाची असते. शिडीवर चढून खिडकी मोजण्याऐवजी खिडकीचा फोटो काढायचा, तिची एक रुंदी ठाऊक असली की त्यावरून बाकीची मापे काढायची आणि तेवढे कापड आणायचे, हा मार्ग आता रुळला आहे. अनुभवी शिंपी मात्र त्याला सहज मान डोलावत नाही. त्याच्या मते टेपाशिवाय घेतलेले माप हे मापच नव्हे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

सपाट भिंतीतली एक साधी खिडकी घेऊ. तिचा गाळा १५० सेंमी रुंद आहे, हे आधीच मोजलेले आहे. फोटोत तो १२०० पिक्सेल भरतो. म्हणजे एका पिक्सेलला ०.१२५ सेंमी. दांड्याच्या कड्या जिथे येणार, तिथे भिंतीवर खूण केली आहे. त्या खुणेपासून जमिनीच्या किंचित वरपर्यंतचे अंतर फोटोत १७२० पिक्सेल येते, म्हणजे २१५ सेंमी. ही पडद्याची तयार उंची. दांडा गाळ्याच्या दोन्ही बाजूंना २० सेंमी पुढे काढला, तर त्याची लांबी १९० सेंमी होते.

आता चुण्यांचा गुणक. बारीक चुण्यांच्या पडद्याला दांड्याच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागते. धातूच्या गोल छिद्रांच्या पडद्याला दीडपट ते दुप्पट चालते. आपण दुप्पट धरू: ३८० सेंमी. दोन पडद्यांच्या चार कडांच्या दुमडीसाठी २० सेंमी मिळवले की ४०० होतात. इंग्लंडमध्ये पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा १३७ सेंमी असतो. तीन पट्टे घेतले तर ४११ सेंमी मिळतात. दोन जोडांच्या शिवणीत सहा गेले तरी ४०५ उरतात. म्हणजे तीन पट्टे पुरले. उंचीत खालच्या दुहेरी दुमडीचे १६ आणि वरच्या पट्टीचे ६ सेंमी धरले, तर कापायची उंची २३७ सेंमी होते. तिला तीनने गुणले की ७.११ मीटर. दुकानात ७.२ मीटर मागितले जाईल.

फोटोच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा इथेच आहे. कापड पट्ट्यांनी घ्यावे लागते आणि पट्टे पूर्ण संख्येतच मोजले जातात. त्यामुळे रुंदीतल्या लहानसहान चुका पूर्णांकात विरून जातात. शिवाय रुंदी इथे फोटोवरून आलेलीच नाही, ती आधीपासून ठाऊक आहे. काठावरचा प्रसंग आला तर तो घरच्यांच्या निर्णयातून येतो. आपल्या उदाहरणात फक्त पाच सेंमी जागा शिल्लक आहे. दांडा अडीच सेंमीने वाढवला की ती संपते. त्याहून लांब दांड्याला चौथा पट्टा, म्हणजे २.३७ मीटर जास्तीचे कापड, लागेल. किंवा २०० सेंमीच्या दांड्याला ‘दुप्पट’ ऐवजी सुमारे १.९ पट चुण्यांवर समाधान मानावे लागेल. यांतले काय बरे, यावर समंजस माणसांचे मतभेद होऊ शकतात. फोटोला मात्र त्यात दोष देता येत नाही.

उलटपक्षी, उंचीला असा आधार नाही. तिच्यातली चूक पूर्णांकात विरत नाही, उलट पट्ट्यांच्या संख्येने गुणली जाते. उंची तीन टक्क्यांनी कमी आली, तर प्रत्येक पट्टा साडेसहा सेंमीने अपुरा पडतो आणि एकूण कापड सुमारे २० सेंमी कमी येते. मग खालची रुंद दुमड आखडावी लागते किंवा पडदा अधांतरी लटकतो. कापलेले कापड दुकाने सहसा परत घेत नाहीत, आणि नंतर आणलेला तुकडा दुसऱ्या रंगाईचा निघण्याची शक्यता असते. शिंप्याचा आग्रह या नुकसानीतून आला आहे.

तीन टक्के कुठून येतात? एक कारण कॅमेरा वर किंवा खाली तिरका धरणे. ते ओळखणे सोपे आहे: फोटोत गाळ्याची रुंदी वर आणि खाली वेगवेगळी मोजावी. खाली १२०० आणि वर ११६० पिक्सेल आले, तर तो फोटो उंचीसाठी वापरू नये. दुसरे कारण अधिक फसवे आहे. ठाऊक असलेली रुंदी जर आत बसवलेल्या चौकटीची असेल आणि चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून १२ सेंमी मागे असेल, तर तीन मीटरवरून घेतलेल्या फोटोत ती चार टक्क्यांनी लहान दिसते. तिच्या प्रमाणाने भिंतीवरची उंची मोजली की २१५ चे जवळजवळ २२४ होतात. म्हणून रुंदी गाळ्याच्या भिंतीलगतच्या कडांमध्ये मोजलेली हवी.

तरीही फोटोच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कापडावर नक्षी असेल तर उंचीही पूर्णांकात जाते. नक्षी दर ६४ सेंमीला परत येत असेल, तर २३७ सेंमीच्या पट्ट्याला चार फेरे, म्हणजे २५६ सेंमी, घ्यावे लागतात आणि एकूण ७.६८ मीटर होतात. तिथे १९ सेंमींची मोकळीक मिळते आणि फोटोची चूक खरेदीपुरती झाकली जाते. पण हीच उंची २५५ निघाली असती, तर दोन सेंमींच्या चुकीने पाचवा फेरा लागला असता.

ईलिंगमधल्या व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन घरांमध्ये मात्र हा वाद बऱ्याचदा सुरूच होऊ नये. त्यांच्या दिवाणखान्यात बहुधा बे विंडो असते: मधली खिडकी समोर, बाजूच्या दोन तिरक्या. ४५ अंशांत वळलेली बाजू फोटोत खऱ्या रुंदीच्या साधारण ७० टक्केच भरते, आणि ट्रॅक खिडक्यांच्या आतल्या बाजूने वळतो. मधल्या खिडकीची रुंदी ठाऊक असून तिथे काही मिळत नाही. ट्रॅकच्या वाटेवर टेप फिरवूनच लांबी कळते.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल असा आहे. सपाट खिडकीला किती पट्टे लागतील, कोणता गुणक परवडेल आणि अंदाजे खर्च किती, हे ठरवायला फोटो पुरेसा आहे. ते काम टेपावर अडवून ठेवण्यात अर्थ नाही. उंची मात्र टेपानेच घ्यावी, तीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, कारण जुन्या घरांच्या जमिनी समपातळीत असतीलच असे नाही. तयार उंची सर्वांत कमी मापावरून ठरवावी, पण कापड सर्वांत जास्त मापाने घ्यावे. यात शिडीवरची पाच मिनिटे जातात आणि दहा-वीस सेंमी कापड वाया जाते. सात मीटर कापड आखूड पडण्यापेक्षा हे नुकसान आम्हाला स्वस्त वाटते.