रंग निवडायचा तो सहाव्या आठवड्याचा

केसांना झळझळीत निळा किंवा गुलाबी रंग लावून घेणारी तरुण मंडळी आता शहरांत नवी राहिलेली नाहीत. तक्रारही ठरलेलीच असते. पार्लरमधून बाहेर पडताना मोरपिसासारखे निळे दिसणारे केस महिन्याभरात शेवाळी हिरवे होतात आणि गुलाबी केस हळूहळू पीच, म्हणजे फिकट केशरी-गुलाबी दिसू लागतात. रंग खोटा निघाला, पाणी खराब होते, शाम्पू चुकला असे निष्कर्ष काढले जातात. मग तो हिरवा घालवण्यासाठी पुन्हा ब्लीच होते आणि केस तुटायला लागतात. खरे तर बहुतेक वेळा रंगात भेसळ नसते आणि पाण्याचाही दोष नसतो. त्या रंगाखाली एक पिवळा रंग आधीपासूनच असतो. वरचा रंग उतरला की तो दिसू लागतो, एवढेच.

काळ्या केसांचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळा-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट क्षार हे रंगद्रव्य फोडतात. त्यात काळे-तपकिरी आधी जाते, तांबूस-पिवळे चिवटपणे मागे राहते. म्हणून काळे केस ब्लीच होताना थेट पांढरे होत नाहीत. ते आधी लालसर तपकिरी होतात, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे. त्यापुढे मजल जात नाही, कारण केस ज्या केराटिनचे बनलेले असतात ते प्रथिनच किंचित पिवळसर असते. पांढराशुभ्र केस मिळवण्याच्या हट्टाने आणखी ब्लीच केले तर रंगद्रव्य नव्हे, केसच विरघळायला लागतो.

या पिवळ्या पायावर निळा रंग बसतो, तेव्हा काय होते? पिवळा पृष्ठभाग प्रकाशातला निळा भाग शोषतो आणि लाल व हिरवा परत पाठवतो. निळा रंग लाल भाग शोषतो. दोघांच्या तावडीतून सुटतो तो मुख्यतः हिरवा. पहिल्या दिवशी हे जाणवत नाही, कारण रंगाचा थर इतका दाट असतो की खालच्या पिवळ्याचा प्रभावच पडत नाही. धुण्यागणिक थर विरळ होतो, पिवळा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे निळा आधी समुद्री निळसर-हिरवा होतो आणि पुढे शेवाळी. गुलाबीचेही असेच. गुलाबी रंग हिरवा भाग शोषतो, पिवळा पाया निळा भाग शोषतो. उरतो लाल. गुलाबी विरळ झाला की थोडा हिरवाही परत येऊ लागतो आणि लाल केशरीकडे झुकतो. तोच पीच.

थर विरळ होणारच, कारण हे रंग मुळात टिकाऊ जातीचे नसतात. पांढरे केस लपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कायम रंगात लहान रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे रासायनिक क्रिया होऊन मोठे होतात आणि अडकून पडतात. निळा, गुलाबी, जांभळा असे झळझळीत रंग बहुधा आधीच तयार असलेल्या रंगकणांचे असतात. ते केसाच्या बाहेरच्या थरांत जाऊन बसतात आणि धुतले की निघत राहतात. ब्लीचमुळे केसाचे खवले उघडलेले असतात, म्हणून रंग चटकन चढतो आणि त्याच वाटेने चटकन उतरतो. टोके जुनी आणि अधिक सच्छिद्र असल्याने हिरवेपणा आधी तिथे दिसतो.

यावरचा उपाय घराघरांत पूर्वीपासून ठाऊक आहे. पिवळट पडलेला सदरा पांढरा दिसावा म्हणून त्याला नीळ घालतात. नीळ पिवळेपणा धुऊन काढत नाही, फक्त त्याला झाकते. निळीने सदरा हिरवा होत नाही, कारण तिच्या निळ्यात जांभळी झाक असते आणि जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग आहे. केसांचेही तसेच. हिरवट झाक असलेला आकाशी निळा पिवळ्यावर लवकर हिरवा होतो. जांभळट निळा अधिक काळ निळा राहतो. गुलाबीतही केशरी झाकेचा गुलाबी लगेच पीच होतो, तर किरमिजी किंवा जांभळट गुलाबी थोडा थांबतो.

एक उदाहरण घेऊ. एका तरुणीचे केस खांद्यापर्यंत, नैसर्गिक काळे, कधीही मेंदी न लावलेले आहेत. तिला खालचे चार बोटे केस निळे करायचे आहेत. पहिले काम पूर्ण डोक्याचे नव्हे, तर मानेजवळच्या एका बारीक बटेचे. त्या बटेला ६ टक्के पेरॉक्साइडचे, म्हणजे पार्लरच्या भाषेत २० व्हॉल्यूमचे ब्लीच लावले आणि पाकिटावर दिलेल्या वेळेत ती नारिंगीपर्यंत पोहोचली, असे समजू. नारिंगी हा निळ्याचा थेट विरोधी रंग. त्यावर निळा लावला तर दोघे एकमेकांना मारतात आणि मळकट राखाडी-खाकी केस हाती येतात. इथे दोन प्रामाणिक पर्याय उरतात. एक, नारिंगीवर खुलणारे तांबडा, वाइन किंवा गडद किरमिजी यांपैकी काही निवडणे. हे रंग विरले तरी तांबूस-केशरीकडे जातात आणि खटकत नाहीत. दुसरा, काही आठवडे थांबून दुसऱ्यांदा ब्लीच करणे.

तिने दुसरा पर्याय निवडला आणि बट फिकट पिवळी झाली. आता बट ओली करून हलकेच ताणून पाहायची. ती थोडी लांबून परत मूळ जागी आली तर ठीक. रबरासारखी ताणून तशीच राहिली किंवा तुटली, तर ब्लीच तिथेच थांबवायचे, मग रंग कोणताही मिळो.

बट धडधाकट निघाली. पुढे तिने निळ्याच्या दहा चमच्यांत जांभळ्याचा एक चमचा मिसळला आणि हवा त्यापेक्षा गडद रंग त्याच बटेवर लावला. त्यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात. तिने ती बट आठ-दहा वेळा शाम्पूने धुतली, प्रत्येक वेळी सुकवून दिवसाउजेडात पाहिली. साधारण महिनाभरानंतरचे केस कसे दिसतील, याचा अंदाज एका दुपारी मिळतो. बट निळसर-हिरवी झाली. तो रंग तिला चालणार असेल तरच पुढे जायचे. बट फारच हिरवी वाटली तर जांभळ्याचे प्रमाण थोडे वाढवून पुन्हा चाचणी करायची.

मात्र जांभळ्याची एक मर्यादा आहे. तोही धुण्याबरोबर निघतो, पिवळा निघत नाही. म्हणून एकदा जांभळा मिसळला की काम संपले, असे होत नाही. दर दोन आठवड्यांनी कंडिशनरमध्ये थोडा निळा आणि किंचित जांभळा मिसळून केसांना लावावा लागतो. केस आठवड्यातून एक-दोनदाच धुणे, कोमट किंवा थंड पाणी वापरणे, उन्हात डोके झाकणे आणि इस्त्रीचा चटका टाळणे यांनी रंगाची गळती मंदावते, थांबत नाही.

गुलाबीचा हिशेब सोपा आहे. हव्या त्या छटेहून दोन पायऱ्या गडद, जांभळट किरमिजीपासून सुरुवात केली तर केस किरमिजी, गुलाबी, पीच असा प्रवास करतात आणि वाटेतला प्रत्येक टप्पा पाहण्यासारखा असतो. निळ्याचा शेवट मात्र त्रासदायक असतो, कारण निळ्याचा उरलासुरला अंश केसात चिकटून राहतो. त्या हिरव्यावर पुन्हा ब्लीच टाकले तर अनेकदा तो फिकट पुदिन्यासारखा होऊन आणखी घट्ट बसतो. त्यापेक्षा अगदी पातळ गुलाबी किंवा लाल छटा लावली तर हिरवा मावळून केस तपकिरीकडे झुकतात. वरून सरळ गडद तपकिरी रंग लावला आणि त्यात लालसर झाक नसेल, तर हिरवा त्यातूनही डोकावतो. निळा लावण्याआधीच त्यातून बाहेर पडण्याची वाट ठरवावी, ती यासाठी.

मेंदी लावणाऱ्यांनी विशेष जपले पाहिजे. मेंदीचा तांबूस रंग केराटिनला धरून बसतो आणि ब्लीचने पूर्ण निघत नाही. मेंदीसोबत नीळ वनस्पतीची पूड लावली असेल, तर ब्लीचनंतर केस हिरवट होऊ शकतात. काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले तर केस गरम होऊन तुटण्याचा धोका असतो. एका बटेची चाचणी हे सगळे आधीच सांगते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात पीपीडी हे रसायन असू शकते. त्याने कधी खाज किंवा सूज आली असेल तर ते पार्लरमध्ये आधी सांगावे. ब्लीचमधल्या परसल्फेटमुळे काहींना त्वचेवर गांधी उठतात, तर काहींना दम लागतो. दमा असणाऱ्यांनी हवेशीर खोलीचा आग्रह धरावा. नवा रंग कानामागे थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. डोक्याच्या त्वचेची आग होऊ लागली तर 'अजून पाच मिनिटे' न म्हणता ब्लीच लगेच धुऊन टाकावे.

पार्लरच्या भिंतीवर पहिल्या दिवसाची छायाचित्रे लावलेली असतात. त्यांच्या शेजारी त्याच केसांचे सहा आठवड्यांनंतरचे छायाचित्र लावले तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत. तसे छायाचित्र नसेल, तर रंग ठरवण्यापूर्वी ग्राहकाने एवढेच विचारावे, "हा उतरताना कुठल्या रंगावर येईल?" याचे उत्तर तिथे मिळाले नाही, तर ब्लीच लावून घेण्याची घाई करू नये.