नमुन्याला भोक, शुल्काला माफी

अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी स्थगित केली. तेव्हापासून तेथील खरेदीदाराला कोल्हापुरी चपलेचा नमुना पाठवणाऱ्या निर्यातदारापुढे नवी अडचण उभी राहिली. बीजकावर ‘व्यापारी मूल्य नाही’ असे लिहून किमतीच्या रकान्यात शून्य भरण्याची सवय अनेकांना आहे. मात्र पैसे घेतले नाहीत म्हणजे वस्तूला किंमतच नाही, असे सीमाशुल्क खाते मानत नाही.

अमेरिकी नियमानुसार मागणी मिळवण्यासाठी आणलेला नमुना शुल्कमुक्त असतो. पण त्याची किंमत एक डॉलरहून अधिक नसावी किंवा तो विक्रीस निरुपयोगी केलेला असावा. समजा, चपलेचा जोड १५ डॉलरचा आहे. पहिली सवलत त्याला मिळणार नाही. म्हणून दोन्ही तळांना किमान पाव इंचाचे आरपार भोक पाडावे. बीजकावर चामड्याचा प्रकार, संख्या, मूळ देश, ‘भोक पाडलेला नमुना, विक्रीसाठी नाही’ हा मजकूर आणि ‘केवळ सीमाशुल्कासाठी मूल्य १५ डॉलर’ अशी नोंद करावी. तपासणीत भोक आढळले नाही, तर कागदावरील मजकूर व्यर्थ ठरतो.

या मार्गाला मर्यादाही आहे. भोकाच्या चपलेवरून चामडे व शिवण पारखता येते; घालून पाहण्यासाठी अखंड जोड हवा असेल, तर सहसा शुल्क भरावे लागते.