चुकून लिहिणं आणि मुद्दाम चुकवणं

चॅटमधलं मराठी म्हणजे आळसाचं मराठी, असा आक्षेप हल्ली फार आत्मविश्वासाने घेतला जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्हं गायब, शब्दांच्या जागी पिवळे चेहरे. भाषा येत नाही म्हणून लोक असं लिहितात, असं हे म्हणणं. घाईत झालेल्या चुकांपुरतं ते खरं आहे. गमतीच्या संदेशांना मात्र ते लागू पडत नाही, कारण तिथली चूक करायला श्रम पडतात.

मित्रांच्या गटावर एखादा लिहितो, ‘शूद्धलेखणात मी वर्गात पहिला होतो.’ कीबोर्ड बरोबर शब्द सुचवत असतो, तो नाकारून हा चुकीचा टाइप करावा लागतो. बाकीचं वाक्य निर्दोष आहे आणि चूक नेमकी फुशारकीच्या शब्दावर पडली आहे. खरोखर चुकलेला माणूस पुढच्याच ओळीत ‘*शुद्धलेखनात’ अशी चांदणी लावून दुरुस्ती पाठवतो. इथे ती येत नाही. एवढ्यावरून वाचणाऱ्याला हेतू कळतो. आणि हा विनोद त्यालाच कळतो ज्याला मूळ शब्द बिनचूक येतो. मग यात अज्ञान कुठे आलं?

शब्द ताणण्याचंही तसंच. रोमन लिपीत ‘kaaaay’ लिहिताना स्वर हवा तेवढा वाढवता येतो. देवनागरीत काना हे व्यंजनाला टेकलेलं चिन्ह. दुसरा काना दिला की तो बऱ्याचदा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. म्हणून लोकांनी दोन वाटा काढल्या. एक ‘कायययय’, ज्यात ताणायचा असतो आ आणि वाढतो य, तरी सगळे ते बरोबर वाचतात. दुसरी ‘काsssय’. छापील मराठीत लांबलेल्या स्वरासाठी अवग्रह वापरत आलेच होते. तो कीबोर्डवर सहज सापडेना, तेव्हा त्याच्यासारखा दिसणारा इंग्रजी एस त्याच्या जागी बसला. अक्षरं सुटी करतानाही असंच भान दिसतं. ‘प्र चं ड’ असं तोडतात, जोडाक्षर आणि अनुस्वार अखंड ठेवून; मात्रा कुणी वेगळी काढत नाही. लिपीच्या अडचणीतून इतकी सुसंगत पद्धत उभी राहते, तिला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

आता बोलण्याच्या सुराचं पाहू. ‘निघालोच, पाच मिनिटं’ असं सांगून चाळीस मिनिटं झालेल्या मित्राला उत्तर द्यायचं आहे. ‘ये निवांत’ हे साधं. ‘ये निवांत.’ यात राग आहे, कारण चॅटमध्ये संदेश पाठवला की वाक्य संपतंच; तिथे पूर्णविराम जादाचा ठरतो आणि जादाचं चिन्ह काहीतरी सांगू लागतं. ‘ये निवांत 🙂’ हा टोमणा : ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. ‘ये नि वां त 😂’ यात सुट्या अक्षरांनी वाट पाहण्याची लांबी दाखवली आहे आणि माफीही दिली आहे. शब्द तेच दोन, मित्राने समजून घ्यायच्या गोष्टी चार.

यावर जरा वजनदार आक्षेप असा, की चांगल्या लेखकाला उपरोध दाखवायला चेहरे लागत नाहीत. लागत नाहीत, कारण त्याच्यापाशी पानं असतात. पात्र, प्रसंग, निवेदकाचा सूर तो आधी उभा करतो. चॅटमधली ओळ ही बोलण्यातली एक पाळी आहे, तीही चेहरा आणि आवाज काढून घेतलेली. 2005 साली क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला सहज कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. वाचणाऱ्यांचं ओळखणं मात्र अंदाजाने सांगण्याच्या जरासंच वर होतं. आवाज ऐकवला की ते बरंच सुधारलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबर 1982 ला :-) ही खूण सुचवली, ती याच अडचणीपोटी : संगणकावरच्या चर्चेत विनोद खरा समजला जात होता.

या खुणांना मर्यादा आहेत. गटाबाहेर त्या निकामी होतात. 🙂 आजोबांना निखळ स्नेहाचा वाटतो आणि नातीला त्यात नाराजी दिसते. त्यात दोष कुणाचाच नाही. पण एका प्रकाराची बाजू मी घेणार नाही. ‘पानी’, ‘लोनी’ असं मुद्दाम लिहून हसवणं शुद्धलेखनाच्या विनोदासारखं दिसतं, तरी ते वेगळं आहे. तिथे वाकवलेलं अक्षर लिहिणाऱ्याच्या फुशारकीवर उलटत नाही. ‘ण’चा ‘न’ करून बोलणाऱ्या लाखो मराठी माणसांवर ते रोखलेलं असतं. आक्षेप घेणाऱ्यांनी आपला राग इथे खर्च करावा. ‘शूद्धलेखण’ लिहिणाऱ्या मुलाला मराठी नीट येतं.