दीडपटीचं गणित आणि एक मिलिमीटर

मशीन ड्रॉइंगच्या वहीत आपण सगळ्यांनी एक ओळ लिहिलेली आहे. ॲलन बोल्टच्या डोक्याचा व्यास बोल्टच्या दीडपट, आणि डोक्याची उंची बोल्टच्या साइजइतकी. या ओळीवर मला सेमिस्टरला पूर्ण मार्क मिळाले होते. त्याच ओळीमुळे गेल्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. म्हणून हा लेख.

आमच्या ग्रुपच्या मिनी प्रोजेक्टसाठी एक ड्रिल जिग करायचा होता. वीस मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट, तिच्यात एम८ चे चार ॲलन बोल्ट, आणि डोकी प्लेटच्या आत बसवायची, म्हणजे काउंटरबोअर आलाच. ड्रॉइंग मी काढलं. आठाची दीडपट बारा, म्हणून व्यास बारा. डोक्याची उंची आठ, म्हणून खोली आठ. चिंचोटी नाक्यावरून रिक्षा पकडली आणि सातिवलीच्या एका गाळ्यात प्लेट देऊन आले.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "पोरी, एकच होल मारलंय. ये आणि बघून जा." गेले. काकांनी एक एम८ बोल्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाल बघू यात." डोकं आत जाईना. व्हर्निअर लावला तर डोकं तेरा, होल बारा. काका हसले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "पुस्तकातलं माप आहे ना?" एवढंच म्हणाले.

हॉस्टेलवर येऊन आयएसओ ४७६२ चा तक्ता काढला. हे या बोल्टचं मानक. एम३ चं डोकं ५.५, एम४ चं ७, एम५ चं ८.५, एम६ चं १०, एम८ चं १३, एम१० चं १६. प्रत्येक ठिकाणी दीडपटीपेक्षा बरोबर एक मिलिमीटर जास्त. एम१२ पासून मात्र दीडपट जमते. एम१२ चं डोकं १८, एम१६ चं २४, एम२० चं ३०. म्हणजे वहीतली ओळ मोठ्या बोल्टसाठी खरी आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आपण जे बोल्ट वापरतो, नेमके त्यांच्यासाठी ती एक मिलिमीटरने खोटी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग तेराचं होल मार, झालं काम. तसं नाही. ज्या होलमधून बोल्टचा दांडा जातो ते होल आठाचं नसतं, नऊचं असतं. दांडा त्यात मध्यापासून अर्धा मिलिमीटर कुठल्याही बाजूला सरकू शकतो, आणि खालचं टॅप केलेलं होल जरा इकडेतिकडे असेल तर तो सरकतोच. दांड्याबरोबर डोकंही सरकतं. म्हणून डोक्याच्या व्यासात हा एक मिलिमीटर मिळवायला हवा. शिवाय बहुतेक बोल्टच्या डोक्याला बाहेरून खाचा असतात, आणि तसं एम८ चं डोकं १३.२७ पर्यंत चालतं. १३.२७ अधिक १, म्हणजे १४.२७. वरचं सोयीचं माप पंधरा. डीआयएन ९७४ या जर्मन मानकातही एम८ साठी पंधराच आहे.

मग मी हाच हिशोब बाकीच्यांना लावून पाहिला. एम६ चं डोकं जास्तीत जास्त १०.२२, होल ६.६, म्हणजे मोकळीक ०.६. बेरीज १०.८२, मानकात ११. एम१० चं १६.२७ अधिक १, मानकात १८. एम१२ चं १८.२७ अधिक १.५, मानकात २०. मला खरंच आनंद झाला. तक्ता पाठ करायची गरजच नाही. डोक्याचा मोठ्यात मोठा व्यास घ्या, त्यात होल आणि बोल्ट यांच्यातला फरक मिळवा आणि वरच्या मापाला जा. षटकोनी डोक्याच्या बोल्टला हे चालणार नाही, कारण तिथे बाजूने पाना घालायला जागा सोडावी लागते. ॲलन की डोक्याच्या आत जाते, म्हणून इतक्या कमी जागेत भागतं.

खोलीचं प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. एम८ च्या डोक्याची उंची जास्तीत जास्त ८. खोलीही ८ ठेवली तर होलच्या तळाशी राहिलेली एखादी चीप डोकं वर उचलते. मानकात एम६ च्या वर एम२० पर्यंत डोक्याच्या उंचीत ०.६ मिळवतात, म्हणजे एम८ ला ८.६. पण ही खोली कुठून मोजायची? आमची प्लेट नंतर सरफेस ग्राइंडरवर जाणार होती आणि ०.३ निघणार होतं. काउंटरबोअर आधी मारायचा तर ८.९ मारायला हवा, तेव्हा शेवटी ८.६ उरतं. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे ८ मारला असता तर ग्राइंडिंगनंतर ७.७ राहिला असता आणि पूर्ण उंचीचं डोकं ०.३ वर आलं असतं. जिगवर जॉब सपाट बसलाच नसता.

"मग सरळ दहा मारू या, काळजी नको," असं मी काकांना म्हणाले. ते म्हणाले, बारीक होल मोठं करता येतं, खोल होल उथळ करता येत नाही. याचाही हिशोब करून पाहिला. प्लेट वीसची, काउंटरबोअर ८.६, डोक्याखाली ११.४ उरले. पंचवीसचा बोल्ट घेतला तर १३.६ खालच्या ब्लॉकमध्ये जातात. आमचं टॅपिंग पंधरा खोल होतं, म्हणजे जमतं. खोली दहा केली असती तर बोल्ट १५ आत गेला असता आणि तळाला टेकला असता. अशा वेळी की घट्ट लागते, बोल्ट टाइट वाटतो, पण प्लेट सैलच असते. हाताने ढकलून पाहिलं की कळतं.

आणखी एक गोष्ट गाळ्यातच कळली. पंधराचा साधा ड्रिल घालून हे काम करता येत नाही. ड्रिलचं टोक तळाशी उतार सोडतं, डोकं कडेवर टेकतं, आवळल्यावर कड चेपते आणि बोल्ट ढिला होतो. पायलटचा काउंटरबोअर कटर लागतो. त्याचा पायलट नऊच्या होलमध्ये फिरतो म्हणून दोन्ही होल एकाच केंद्रावर येतात आणि तळ सपाट राहतो. शंका असेल तर डोक्याखाली मार्किंग ब्लू लावून बोल्ट हलका आवळावा. तळावर पूर्ण कडं उमटलं तर ठीक.

माझे मित्र म्हणतात, एवढं डोकं कशाला, कॅडमध्ये होल विझार्ड आहे. आहेच, आणि तो माप बरोबर देतो. पण प्लेट नंतर ग्राइंड होणार आहे हे त्याला कोण सांगणार? खालचं टॅपिंग किती खोल आहे हे कोण बघणार?

सरांना माझी एकच विनंती आहे. दीडपटीची ओळ वहीतून काढू नका. बोल्ट कागदावर पटकन काढायला ती चांगली आहे. फक्त तिच्याखाली लिहून घ्या की हे प्रमाण चित्रासाठी आहे, होलसाठी नाही. आणि व्हायवाला टेबलावर एक एम८ बोल्ट आणि व्हर्निअर ठेवून काउंटरबोअर विचारा. पाठांतराला तिथे एक मिलिमीटर कमी पडेल.

आमचा जिग झाला. बाराचं ते एक होल काकांनी पंधराचं करून दिलं. जादा पैसे घेतले नाहीत, पण तो बोल्ट मला परत दिला. हल्ली तो माझ्या कंपास बॉक्समध्ये असतो.