पाढा पाठ आहे, पण सात आठे किती?

पालक भगिनी आणि बंधूंनो,


अकोला आणि अमरावतीच्या शाळांत आम्ही गणित शिकवतो. पालकसभेत अम्मी-अब्बा आम्हाला हमखास सांगतात, "सर, घरी तर सगळे पाढे धडाधड म्हणतो, मग पेपरात कसा चुकतो?" या महिन्याचं पत्र त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी घरी एक छोटी परीक्षा घेऊन बघा. मुलाला सातचा पाढा म्हणायला लावू नका. जेवताना किंवा बाजारात जाताना सहज विचारा, "सात आठे किती?" मूल लगेच छप्पन्न म्हणालं तर उत्तम. पण ते "सात एके सात, सात दुणे चौदा" असं पुटपुटत सुरुवातीपासून निघालं, तर त्याला पाढ्याची चाल पाठ आहे, गुणाकार हाताशी नाही. भागाकार करताना त्याला प्रत्येक पायरीला पूर्ण पाढा म्हणावा लागतो. मध्ये एक पायरी निसटली की 56 ऐवजी 49 किंवा 63 येतात. हे दोन्ही आकडे सातच्याच पाढ्यातले, छप्पन्नचे शेजारी आहेत. अशी चूक दिसली की समजावं, मूल चालीत एक पाऊल चुकलं आहे.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. शाळेत मूल "सात सक बेचाळीस" म्हणतं आणि घरी अम्मी किंवा दादी "सात छक्के बयालीस" शिकवते. दोन्ही बरोबर आहेत. पण ज्या मुलाकडे फक्त चाल आहे, त्याच्यासाठी ही दोन वेगळी गाणी होतात आणि एकातला शब्द दुसऱ्यात शिरतो. सहाच्या सात ओळी डोळ्यांपुढे असलेल्या मुलाला 'सक' म्हणा की 'छक्के', फरक पडत नाही. म्हणून घरची भाषा सोडू नका, तिच्याबरोबर वस्तू दाखवा.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. चिंचोके किंवा हरभऱ्याचे दाणे घ्या आणि चौकटीची वही घ्या. सातचं आणि आठचं उदाहरण आपण पूर्ण करून बघू. मुलाला प्रत्येक ओळीत आठ चिंचोके ठेवून अशा सात ओळी मांडायला सांगा. मोजायची घाई नको. आता पाच ओळींनंतर एक काडी आडवी ठेवा. वर पाच ओळी राहिल्या, खाली दोन. पाच आठे चाळीस मुलाला बहुधा येतं, दोन आठे सोळाही येतं. चाळीस आणि सोळा मिळून छप्पन्न. आता हेच वहीत चौकटी रंगवून करू द्या: सात ओळी, प्रत्येकीत आठ चौकटी, पाचव्या ओळीखाली रेघ.

इथे एक चूक नेहमी होते. काही मुलं म्हणतात, "पाच आठे चाळीस, आणि दोन, बेचाळीस." त्यांनी दोन ओळींऐवजी दोन चिंचोके मिळवलेले असतात. रागावू नका, काडीच्या खालच्या ओळींवर बोट ठेवून विचारा, "या दोन ओळींत किती आहेत?" मूल स्वतःच दुरुस्त करतं.

आता सगळी मांडणी न हलवता मुलाला बाजूच्या भिंतीकडून बघायला सांगा. तिथून त्याला सातच्या आठ ओळी दिसतील. चिंचोके तेवढेच आहेत, म्हणजे सात आठे आणि आठ साते एकच. अंड्यांचा तीसचा ट्रे घरात असेल तर त्यावरही हे दाखवता येतं: एका बाजूने सहाच्या पाच ओळी, दुसऱ्या बाजूने पाचच्या सहा.

या एका गोष्टीने पाठांतराचं ओझं किती उतरतं बघा. एक ते दहाच्या पाढ्यांत मिळून 100 गुणाकार आहेत. उलटसुलट जोड्या एकच धरल्या तर 55 उरतात. त्यातून एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे काढा. हे मुलांना सहज येतात. मग राहतात फक्त 21.

त्या 21 साठी आम्ही हा क्रम सुचवतो. आधी चार आणि आठ घ्या. चारपट म्हणजे दुपटीची दुप्पट आणि आठपट म्हणजे तिचीही दुप्पट. सातची दुप्पट 14, तिची दुप्पट 28, तिची दुप्पट 56. मघाचंच उत्तर दुसऱ्या वाटेने आलं आणि मुलाची खात्री झाली. मग तीन आणि त्याची दुप्पट सहा. नंतर नऊ: सात दाहे सत्तर, त्यातून एक सात काढला की सात नवे त्रेसष्ट. एवढं झालं की ज्या सातच्या पाढ्याला मुलं भितात, त्यात नवीन एकच गुणाकार उरतो, सात साते. पाच साते पस्तीस आणि दोन साते चौदा, मिळून एकोणपन्नास.

एक वेगळी चूकही ओळखून ठेवा. मूल तोंडाने छप्पन्न म्हणतं आणि वहीत 65 लिहितं. त्याचा गुणाकार बरोबर आहे, अडचण संख्येच्या नावाची आहे. आपण आधी सहा आणि मग पन्नास बोलतो, लिहिताना मात्र 5 आधी येतो. उर्दूतही तसंच आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं आणि राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. वाद बाजूला ठेवा. मूल उलटं लिहीत असेल तर काही दिवस "पन्नास आणि सहा, छप्पन्न" असं दोन्ही म्हणून घ्या.

मग पाठांतर नकोच का? तसं आमचं म्हणणं नाही. पाचवीत भागाकार करताना दर वेळी ओळी मांडायला वेळ नसतो, उत्तर चटकन आठवायलाच हवं. फक्त क्रम बदला. आधी मांडणी, मग तोडून जोडणं, आणि शेवटी म्हणणं. रोज दहा मिनिटं पुरतात आणि एका दिवशी दोन-तीनच नवे गुणाकार घ्या. विचारताना क्रम मोडून विचारा, आणि कधी उलटंही विचारा: "छप्पन्न चिंचोके आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती?"

समजून शिकलेल्या मुलाला दहाच्या पुढेही वाट सापडते. चौदा सक विसरला तर तो दहा सक साठ आणि चार सक चोवीस करून चौऱ्याऐंशी सांगतो. नुसत्या चालीवर शिकलेलं मूल विसरलं की तिथेच थांबतं.

उत्तर बरोबर आलं तरी एकदा विचारत जा, "कसं काढलंस?" मूल ओळी, दुप्पट किंवा तोडणं यांपैकी काहीही सांगू लागलं, की त्याचा पाढा पक्का होत चालला आहे असं समजा.

आपले,
गणिताचे शिक्षक