घरातली यंत्रे : फाटकावरचा कॅमेरा रात्री का बंद पडतो?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने लिहिले आहे : "घरी मी, सासूबाई आणि दोन मुले. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. गेल्या वर्षी चार कॅमेरे बसवून घेतले. तीन घराला लागून आहेत, चौथा आगराच्या फाटकावर. दिवसभर चारही व्यवस्थित चालतात. मगरिबनंतर मात्र फाटकाचा कॅमेरा बंद पडतो, मिनिटभराने परत येतो, पुन्हा बंद पडतो. रात्रभर हेच. तिकडे यांच्या मोबाइलवर सूचना जातात आणि ते घाबरून फोन करतात. बसवणारा म्हणतो, कॅमेरा खराब झाला, नवा घ्या. घ्यावा का?"

घाई करू नका. या कॅमेऱ्याला विजेची वेगळी वायर नाही. ज्या नेटवर्क केबलमधून चित्र येते, त्याच केबलमधून त्याला वीजही जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. घरातल्या स्विचमधून साधारण ४८ व्होल्टची वीज केबलच्या तारांवर सोडलेली असते. असा कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला तर बहुतेक वेळा तो उपाशी असतो. त्याच्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही.

पत्रातला "मगरिबनंतर" हा शब्द या तपासात फार मोलाचा आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातले अदृश्य प्रकाशाचे दिवे लागतात. दिवसा जेमतेम ५ वॅट घेणारा फाटकाचा मोठा कॅमेरा रात्री १२ वॅट मागू लागतो. तेवढी वीज मिळाली नाही की तो बंद पडतो. बंद पडला की मागणी संपते, म्हणून व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा सुरू होतो. पूर्ण जागा व्हायला त्याला मिनिटभर लागते. मग दिवे लागतात आणि तो पुन्हा कोसळतो. हे चक्र असेच फिरत राहते. कॅमेरा भर दुपारीही असाच बंद पडत असेल, तर मात्र कारण दुसरे असू शकते.

आता वीज अडते कुठे? या भगिनीच्या भावाने फोनवर सांगितल्याप्रमाणे एकेक पायरी तपासली, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी स्विचची. स्विचला दोन मर्यादा असतात. एका पोर्टमधून किती वीज जाऊ शकते ही पहिली. जुन्या आणि सर्वाधिक आढळणाऱ्या मानकानुसार ती १५.४ वॅट आहे. वाटेतली घट धरून कॅमेऱ्याच्या टोकाला त्यातले १२.९५ वॅट मिळतील असे गृहीत धरलेले असते. २००९च्या सुधारित मानकात हे आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. दुसरी मर्यादा सगळ्या पोर्टांची मिळून असते, तिला पॉवर बजेट म्हणतात. इथेच लोक फसतात. आठ पोर्ट आहेत आणि प्रत्येकाला १५.४ वॅट लिहिले आहे, म्हणजे एकूण १२३ वॅट मिळतील असे नाही. बजेट त्याच्या निम्मेच असू शकते.

बजेट कळायला स्विचच्या ॲडॉप्टरवरची चिठ्ठी वाचा. या घरातल्या ॲडॉप्टरवर ४८ व्होल्ट, १.२५ अँपिअर असे होते. गुणाकार केला की ६० वॅट. त्यातले थोडे स्विच स्वतःला घेतो. आता खर्च मांडा. घराजवळचे तीन कॅमेरे रात्री प्रत्येकी ६ वॅट घेतात, म्हणजे १८. फाटकाचा १२. एकूण ३०. बजेट पुरून उरते. पण मूळ ॲडॉप्टर जळाल्यावर कुणी ४८ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरचा लावून दिला असता, तर हातात जेमतेम २४ वॅट राहिले असते आणि रात्री नेमका हाच त्रास झाला असता. म्हणून कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा घ्या, दिव्यांसकटचा. दिवसाचा आकडा उपयोगाचा नाही.

गणितावर भरवसा नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. रात्री बाकीचे तीन कॅमेरे स्विचवरून काढून ठेवा आणि फाटकाचा एकटाच चालू ठेवा. तो आता स्थिर राहिला तर बजेट अपुरे आहे. एकटा असूनही कोसळत राहिला तर बजेटचा दोष नाही. इथे तो एकटाही कोसळला.

दुसरी पायरी, दोष कॅमेऱ्याचा की केबलचा हे ठरवण्याची. भावाने फाटकावरचा कॅमेरा उतरवून घरात आणला आणि दोन मीटरच्या तयार केबलने त्याच स्विचच्या त्याच पोर्टला जोडला. खोलीतले दिवे बंद केले, म्हणजे कॅमेऱ्याचे दिवे लागतील. रात्रभर तो एकदाही बंद पडला नाही. कॅमेरा चांगला, पोर्टही चांगले. नव्या कॅमेऱ्याचा खर्च इथेच वाचला. हा प्रयोग केल्याशिवाय कुणी कॅमेरा बदलायला सांगितला तर ऐकू नका.

राहिली केबल. तिची लांबी मोजायला टेप लागत नाही. चांगल्या केबलच्या आवरणावर प्रत्येक मीटरला आकडा छापलेला असतो. दोन टोकांजवळचे आकडे वाचून वजाबाकी करा. तुकडे जोडलेले असतील तर प्रत्येक तुकड्याची वजाबाकी वेगळी करून बेरीज घ्या. इथे दोन तुकडे होते, मिळून ८५ मीटर. मर्यादा १०० मीटरची आहे, तेव्हा लांबी नियमात बसते. मात्र ही मर्यादा शुद्ध तांब्याच्या केबलसाठी आहे. प्रत्येक केबलला ती लागू पडत नाही.

आणि इथे खरी गोम निघाली. बाजारात स्वस्त केबल मिळते, तिच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. आवरणावर कधी इंग्रजीत सीसीए लिहिलेले असते, कधी काहीच नसते. ओळखायची कशी? तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी दिसली तर मुलामा, आतही तांबूस दिसली तर तांबे. अशी तार तीन-चार वेळा वाकवली की तुटते, तांब्याची बराच वेळ तग धरते. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. त्यात ही तार बारीकही असते. त्यामुळे वाटेत विरोध वाढतो आणि व्होल्टेज घटते. नेटवर्कच्या मानकांत अशा तारेला जागा नाही.

विरोध मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. केबल आधी दोन्ही टोकांना स्विच आणि कॅमेऱ्यापासून काढा. चालू केबलवर मीटर लावू नका. फाटकाच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा, म्हणजे नारिंगी आणि नारिंगी-पांढरी, एकमेकींना पीळ देऊन जोडा. घराच्या टोकाला त्याच दोन तारांवर मीटर ओहममध्ये लावा. तीच कृती हिरव्या जोडीवर करा, कारण नेहमीच्या रंगक्रमात असे बरेच स्विच वीज या दोन जोड्यांवरूनच पाठवतात. निळ्या आणि तपकिरी जोडीवरून पाठवणारे स्विचही असतात. तुमचा तसा असेल तर त्या मोजा.

८५ मीटर शुद्ध तांब्याच्या २४ गेजच्या केबलवर प्रत्येक जोडीचा आकडा साधारण १४ ओहम यायला हवा. त्याच लांबीच्या बारीक, मुलाम्याच्या केबलवर तो ३४च्या आसपास येतो. इथे नारिंगी जोडीवर ७० आणि हिरवीवर ९० आले, आणि केबल हलवली की आकडे नाचत होते. म्हणजे हलक्या तारेखेरीज आणखी काहीतरी होते. दोन तुकडे जिथे जोडले होते तिथे फक्त पीळ देऊन वर टेप गुंडाळला होता. टेप सोडल्यावर आत ओल आणि तारांवर पांढरट भुकटी. कोकणातल्या एका पावसाळ्याचे हे काम. कोरड्या हवेत असा जोड कदाचित वर्षे काढेल, समुद्राजवळ नाही.

हा विरोध कॅमेऱ्याला किती नडतो ते पाहू. वीज एका जोडीने जाते आणि दुसरीने परत येते. प्रत्येक जोडीच्या दोन तारा मिळून काम करतात. म्हणून दोन आकड्यांच्या बेरजेला चाराने भागले की वाटेतला एकूण विरोध ढोबळमानाने कळतो. इथे १६० भागिले ४, म्हणजे ४० ओहम.

दिवसा ५ वॅटच्या मागणीला या वाटेत साडेचार व्होल्टच घटतात. कॅमेऱ्याला ४३ व्होल्ट मिळतात, त्याची काही तक्रार नाही. रात्री १२ वॅट मागितले की १४ व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्यापाशी ३४ उरतात. शिवाय मागणी कॅमेऱ्याची १२ वॅट असली तरी केबलमध्ये वाया जाणारी धरून पोर्टला १७ वॅट द्यावे लागतात. मर्यादा १५.४ची. मग पोर्ट वीज तोडतो. दिवसा चालतो आणि रात्री नाही, याचे उत्तर हेच.

जोड नीट केला असता तर केबल बदलावी लागली नसती का? मुलाम्याची का होईना, अखंड केबल असती तर विरोध १७ ओहम राहिला असता आणि कॅमेऱ्याला ४३ व्होल्ट मिळाले असते. आज काम भागले असते. पण तार ठिसूळ आहे, प्लगमध्ये आणि जोडावर ती पुन्हा गंजणार. म्हणून सल्ला असा दिला की केबल बदलायचीच तर एकदाच बदला : शुद्ध तांब्याची, २४ गेज किंवा जाड, उन्हापावसात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची आणि फाटकापर्यंत एकच अखंड तुकडा. कॅमेऱ्याजवळचा प्लग पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवा आणि केबलला डबीच्या खाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी ओघळून तिथून गळेल, आत जाणार नाही. नवी केबल टाकल्यावर दोन्ही जोड्यांवर १४ आणि १४ ओहम आले. बेरीज भागिले चार म्हणजे ७. आता रात्री कॅमेऱ्यापाशी ४६ व्होल्ट पोहोचतात.

आगर मोठे असेल आणि अंतर १०० मीटरपेक्षा जास्त भरत असेल, तर तांब्याची केबलही पुरत नाही. काही स्विचवर अंतर वाढवण्याचे बटण असते. ते वेग कमी करून चित्र लांबवर पोहोचवते, पण तारेतला विरोध कमी करत नाही. अशा वेळी मध्ये एक पीओई एक्स्टेंडर बसवावा लागतो. तोही त्याच केबलमधून वीज खातो, म्हणून त्याचे वॅट बजेटच्या हिशेबात धरायला विसरू नका.

तुमच्याही घरी असे होत असेल तर क्रम लक्षात ठेवा : आधी ॲडॉप्टरवरचा आकडा, मग बाकीचे कॅमेरे काढून परीक्षा, मग आखूड केबलवर कॅमेरा आणि शेवटी मीटर. केबल मागवताना दुकानदाराकडून बिलावर "शुद्ध तांबे" असे लिहून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी एक टोक खरवडून पाहा.