आजारपणानंतर पेढीवर परतताना

सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत पेढीचे मुनीम सात महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना गुलियन बॅरे सिंड्रोम झाला होता. 2025 च्या आरंभी पुण्यातील रुग्णांमुळे 'जीबीएस' हे ज्याचे नाव घरोघर पोहोचले, तोच हा विकार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांत बळ हळूहळू परत येते. थकवा मात्र पुष्कळदा मागे रेंगाळतो आणि पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

मुनीमजींची पहिली चूक येथेच झाली. 'कामावर रुजू होण्यास योग्य' एवढेच लिहिलेला दाखला घेऊन ते पेढीवर गेले आणि म्हणाले, "शेठजी, सुरुवातीला थोडे थोडे येईन." शेठजींनी आनंदाने मान डोलावली. परंतु 'थोडे' म्हणजे किती, हे कोणीच ठरवले नाही. मुनीमजी समोर दिसताच खतावणी, बँक, व्यापाऱ्यांचे फोन, सारे पूर्ववत त्यांच्याकडे वळले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांना जिना चढवेना. पुढचे दोन दिवस झोपून गेले. पेढीवर कुजबुज सुरू झाली, की मुनीमजींच्याने आता काम होणार नाही. त्यांच्या जागी बसवलेला तरुण मुलगा हुशार होता, हेही सर्वांना ठाऊक होते.

मग त्यांनी डॉक्टरांकडून दुसरा दाखला घेतला. रोज किती तास बसता येईल, काय टाळावे आणि पुन्हा तपासणी केव्हा, हे त्यात स्पष्ट होते. त्याच्या आधारे त्यांनी शेठजींना एक पानी पत्र लिहिले.

पत्रात आठ आठवड्यांची आखणी होती. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तीन तास. पुढचे दोन आठवडे रोज तीन तास. त्यानंतर दोन आठवडे रोज पाच तास आणि शेवटचे दोन रोज साडेसहा तास. नवव्या आठवड्यापासून पूर्ण आठ तास. आठवड्याचे सहा दिवस धरता एकूण 384 तासांपैकी 192 तास, म्हणजे नेमके निम्मे काम. आरंभीची कामे बैठी होती: बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालणे आणि येणे-बाकी तपासणे. गोदामातील पोती मोजणे व सौद्यांच्या वेळी उभे राहणे वगळले होते.

आरंभाचा दिवस त्यांनी विचारपूर्वक निवडला. जीएसटीचे मासिक विक्री-विवरण 11 तारखेपर्यंत आणि करभरण्याचे विवरण 20 पर्यंत जाते. म्हणून 20 तारीख उलटल्यावरचा पहिला सोमवार धरला. सर्वांत अशक्त आठवडे अशा रीतीने सर्वांत मोकळ्या दिवसांत आले. तो तरुण आठही आठवडे सोबत राहावा, अशी विनंतीही होती.

पत्रातील खरे मर्म दोन वाक्यांत होते. पहिले असे: आठवड्यातून दोनदा सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाचा थकवा उतरला नसेल, तर पुढचा आठवडा मागच्या टप्प्याचेच तास राहतील. या विकारात शीण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमगतो. संध्याकाळच्या उत्साहावर तास वाढवणे फसवे ठरते.

दुसरे वाक्य वेतनाचे. शेठजींनी सहज सुचवले होते, "दोन महिने निम्मा पगार लावू, मग पूर्ववत करू." हेतू निर्मळ होता, पण मुनीमजी हिशेबाचे माणूस. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनदरावर मोजली जाते: मासिक वेतनाला 26 ने भागून, 15 दिवसांचे वेतन गुणिले सेवेची वर्षे. त्यांचे असे वेतन 26,000 रुपये आणि सेवा 18 वर्षे. रक्कम 2,70,000 होते. दरच 13,000 लिहिला गेला आणि त्या दोन महिन्यांत काही बरेवाईट झाले, तर घरच्यांच्या हाती 1,35,000 पडण्याचा वाद उभा राहिला असता. म्हणून त्यांनी लिहिले: वेतनाचा दर पूर्वीचाच राहील, न केलेले तास बिनपगारी रजा म्हणून दाखवावेत. हाती पडणारी रक्कम तीच, नोंद मात्र वेगळी. पेढीवर चौदा माणसे असल्याने ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होताच.

शेठजींनी पत्र दोनदा वाचले. "आठ आठवड्यांनीही जमले नाही तर?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर पत्रात नव्हते. मुनीमजींनी तिथेच एक ओळ वाढवली: चौथ्या व आठव्या आठवड्याअखेर दोघे बसून आढावा घेतील, आठव्यानंतरही पूर्ण वेळ न झेपल्यास डॉक्टरांच्या नव्या दाखल्यासह जबाबदारी व वेतन नव्याने ठरवतील. दोघांनी सही केली, एकेक प्रत ठेवली.

पाचव्या आठवड्यात दोन सकाळी जड गेल्या. कोणाची विनवणी न करता मुनीमजी सहाव्या आठवड्यात पुन्हा तीन तासांवर आले. तरुणाने उरलेल्या नोंदी पूर्ण केल्या आणि आखणी एका आठवड्याने पुढे सरकली.